रविवारच्या मॅचचा मेसेज टॉसपासून उलटं मोजत लिहा

प्रश्न: नाशिकमध्ये आमची रविवारची क्रिकेट टीम आहे, चौदा-पंधरा जण. शनिवारी ग्रुपवर शंभर मेसेज पडतात, तरी रविवारी कोणी उशिरा येतं, कोणी भलत्याच गेटवर उभं असतं, कोणाकडे बूट चुकीचे असतात. वेळ, मैदान, किट, गाड्या आणि कन्फर्मेशन हे सगळं एका मेसेजमध्ये नीट कसं बसवायचं?

मी गेली बारा वर्षं आमच्या टीमचं हेच काम बघतो. आमची टीमही तुमच्यासारखीच विखुरलेली आहे: चौघं नाशिक रोडचे, चार-पाच सिडको-इंदिरानगरचे, बाकीचे पंचवटी आणि कॉलेज रोडचे. निम्मे जण सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टला असतात. त्यामुळे मी आधी कन्फर्मेशनबद्दल लिहितो. मेसेजमध्ये ते शेवटी येतं, पण काम तिथूनच सुरू होतं. कोण येणार हे माहीत नसताना गाड्या ठरवता येत नाहीत, आणि गाड्या ठरल्याशिवाय वेळ लिहिता येत नाही.

म्हणून सगळं एका मेसेजमध्ये बसवण्याचा हट्ट सोडा. दोन मेसेज लागतात. पहिला बुधवारी, फक्त पोल: "रविवारी सकाळी मॅच, २० ओव्हर. येणार का?" पर्याय तीनच ठेवा. येतो, येत नाही, आणि शिफ्ट कळल्यावर सांगतो. "बघतो" हा पर्याय कधीही देऊ नका, कारण दिला की अर्धी टीम त्यावरच बोट ठेवते. शिफ्टचा पर्याय मात्र द्यायलाच हवा. ज्याला पुढच्या आठवड्याची शिफ्ट शुक्रवारी कळते त्याच्याकडून बुधवारी हो वदवून घेतलं, तर तो हो भिडेपोटी दिलेला असतो आणि शनिवारी रात्री मोडतो. या मंडळींना शुक्रवारी रात्री ९ पर्यंत मुदत द्या. मुदत संपल्यावर जो गप्प आहे तो येत नाही, असं धरा आणि हे पोलखाली स्पष्ट लिहा. शुक्रवारी रात्रीच तेरा नावं पक्की करा, अकरा आणि वर दोन.

दुसरा मेसेज शनिवारचा. हाच खरा मेसेज, आणि तो किती वाजता टाकता याला फार महत्त्व आहे. मी पूर्वी रात्री ९ ला टाकायचो. आमचे फर्स्ट शिफ्टवाले दुपारी साडेतीनला सुटतात आणि सेकंडवाले त्याच वेळी आत जातात. आत गेले की फोन लॉकरमध्ये, तो थेट मध्यरात्री हातात. माझा रात्रीचा मेसेज ते साडेबाराला वाचायचे, म्हणजे गाडी येण्याच्या सहा तास आधी. आता मी शनिवारी दुपारी १२ ला टाकतो. सेकंडवाला कामावर जाण्याआधी वाचून उत्तर देतो, फर्स्टवाला सुटल्यावर देतो. उत्तराची मुदत रात्री ८.

आता वेळ. मेसेजमध्ये "मॅच ८:३० ला" एवढंच लिहिलं की लोक ८:२५ ला येतात, आणि त्यांच्या मते ते वेळेवर असतात. म्हणून पहिल्या बॉलपासून मागे मोजत या. क्रिकेटच्या नियमांप्रमाणे टॉस सामना सुरू होण्याच्या ३० ते १५ मिनिटं आधी होतो, आणि टॉसच्या आधी कॅप्टनला अकरा नावं लेखी द्यावी लागतात. एकदा दिलेलं नाव समोरच्या कॅप्टनच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. म्हणजे ८:३० च्या मॅचला ८ वाजता तुमच्याकडे नक्की कोण आहे हे कळायलाच हवं. वाटेत असलेल्याचं नाव विश्वासाने लिहिलं आणि तो आलाच नाही, तर दहा जणांत खेळायचं. बदली फिल्डर उतरवता येतो, पण तो बॉलिंग टाकू शकत नाही. उशिरा आलेल्या बॉलरलाही लगेच बॉल हातात देता येत नाही. जितका वेळ तो बाहेर होता तितका वेळ आधी मैदानात काढावा लागतो. वीस ओव्हरच्या मॅचमध्ये ओपनिंग बॉलर पाऊण तास उशिरा आला, तर त्याची नव्या बॉलची ओव्हर गेलीच. हे नियम मी नवीन पोरांना एकदा समोर बसवून सांगतो, कारण हजर राहण्याची वेळ ८ च्याही आधीची का आहे हे त्यांना तेव्हा पटतं.

टॉसच्या आधी अर्धा तास वॉर्म-अप आणि मॅटसाठी धरा. मॅटचं मैदान असेल तर हा अर्धा तास खरंच लागतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साधारण सातला उगवतो. गंगापूर रोडच्या बाजूला गवतावर दव इतकं असतं की चालताना बुटांचे पुढचे टोक ओले होतात. काथ्याची मॅट गुंडाळी सोडून पसरायची, दोघांनी टोकाला धरून ताणायची, तिसऱ्याने खिळे ठोकायचे. नीट ताणली गेली नाही तर गुड लेंग्थजवळ एक सुरकुती राहते, आणि त्या सुरकुतीवर पडलेला बॉल एकदा गुडघ्यावर तर एकदा छातीवर येतो. काही मैदानांवर हे काम ग्राउंड्समन करतो, पण हात लावायला चार माणसं लागतातच. म्हणून आमची हजर राहण्याची वेळ ७:३०. मेसेजमध्ये हीच वेळ सगळ्यात वर आणि ठळक. टॉस आणि पहिला बॉल कंसात.

मैदानाच्या बाबतीत नाव पुरत नाही. आपल्या शहरात एकाच जागेला दोन-दोन नावं आहेत. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हटलं तर बाहेरून नोकरीला आलेला माणूस नकाशावर शोधतो आणि बरोबर पोहोचतो. जुना नाशिककर ते ऐकून क्षणभर थांबतो, कारण त्याच्या तोंडी ते गोल्फ क्लब आहे. शहराबाहेरच्या छोट्या मैदानांना तर ठरलेलं नावच नसतं. कोणी मालकाच्या नावाने ओळखतं, कोणी शेजारच्या लॉन्सच्या नावाने. म्हणून चालतं ते नाव लिहा, जवळची एक पक्की खूण लिहा, आणि गेटची पिन टाका. पिन गेटचीच हवी. नकाशावर नाव शोधून पाठवलेली पिन बहुतेक वेळा मैदानाच्या मधोमध असते, आणि फोन मग जवळात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतो, तो मागच्या कुंपणाचा का असेना. आमच्या दोन गाड्या एकदा अशाच कालव्याच्या बाजूला पोहोचल्या. मैदान समोर दिसत होतं, मधे तारेचं कुंपण होतं, आणि वळसा वीस मिनिटांचा होता. दुसरी चूक माझ्या हातून झालेली आहे. व्हॉट्सॲपमध्ये लोकेशन पाठवताना आत्ताची जागा पाठवण्याचा पर्याय समोरच असतो. घरी बसून घाईत तोच दाबला गेला, आणि एक नवीन मुलगा सकाळी सातला माझ्या बिल्डिंगखाली उभा होता. तेव्हापासून मी प्रत्येक मैदानावर गेल्यावर गेटपाशी उभं राहून पिन साठवून ठेवतो, आणि मेसेज टाकण्याआधी ती दुसऱ्या फोनवर उघडून बघतो.

किटची ओळ मैदानावर अवलंबून असते, आणि इथे सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे मॅट की टर्फ. मॅटवर लोखंडी स्पाइक चालत नाहीत, मॅट फाटते. मैदानवाले आत सोडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. मॅटला रबर स्टडचे बूट. टर्फवर, तेही दव असताना, बॉलरला रबर स्टडमध्ये पाय रोवता येत नाही आणि लँडिंगला घसरायला होतं, तिथे स्पाइक हवेत. फक्त "बूट आणा" लिहिलं तर निम्मे चुकीचे आणतात. "रबर स्टड, स्पाइक चालणार नाहीत" असं दोन्ही बाजूंनी लिहा. कपड्यांचंही तसंच. पांढरा बॉल असेल तर रंगीत कपडे, लाल असेल तर पांढरे, कारण पांढऱ्या कपड्यांत पांढरा बॉल बॅट्समनला उशिरा दिसतो. स्वतःचं काय आणायचं आणि टीमच्या बॅगेत काय आहे हे वेगळं लिहा. सेंटर पॅड प्रत्येकाचा स्वतःचाच असावा, तो बॅगेतून वाटायची वस्तू नाही.

टीमची किट बॅग कोणाकडे आहे हे माणसाचं नाव घेऊन लिहा. बॅग मी मुद्दाम मैदानाच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्याकडे ठेवतो. ती नाशिक रोडच्या गाडीत असली आणि द्वारकेला काही अडकलं, तर बाकीची टीम मैदानावर येऊनही पॅडशिवाय बसून राहते. जवळचा माणूस पंधरा मिनिटांत पोहोचतो.

गाड्या ठरवताना बसणारी माणसं मोजतो तशी डिकीही मोजा. सीएनजी गाडीच्या डिकीत सिलिंडर असतो, तिथे किट बॅग मावत नाही. मग ती मागच्या सीटवर येते आणि एका माणसाची जागा जाते. आमचा एक जण याच कारणाने एकदा निमाणीला राहून गेला होता. कागदावर चार जागा होत्या, प्रत्यक्षात तीन. आता मी गाडी लिहिताना स्वतःशी विचारतो, यात बॅग जाणार का, आणि जाणार असेल तर किती माणसं.

आणखी एक सवय आम्ही मोडली. पूर्वी सगळ्या गाड्या जेहान सर्कलला जमायच्या आणि तिथून एकत्र जायच्या. ऐकायला छान वाटतं, पण एक गाडी उशिरा आली की चारही गाड्या उशिरा. आता प्रत्येक गाडी आपल्या स्टॉपवरून थेट मैदानावर. स्टॉपवर थांबायचं ते पाच मिनिटं, त्यानंतर गाडी निघणार, राहिलेल्याने स्वतःच्या सोयीने यायचं. हा नियम मेसेजमध्ये दर वेळी लिहा. लिहिलेला असला की ड्रायव्हरला मित्राला सोडून निघताना अवघड वाटत नाही.

हे सगळं बसवल्यावर आमचा डिसेंबरातला एक मेसेज असा झाला. लोकांची नावं मी इथे काढली आहेत, पण मूळ मेसेजमध्ये प्रत्येक गाडीसमोर चालवणाऱ्याचं आणि बसणाऱ्यांचं नाव होतं:

*रविवार, मैदानावर हजर: सकाळी ७:३०* (टॉस ८:००, पहिला बॉल ८:३०)
मैदान: सोमेश्वरच्या पुढचं मॅटचं मैदान, पुढचं लोखंडी गेट. पिन खाली आहे.
२० ओव्हर, पांढरा बॉल. निळा टी-शर्ट, काळी ट्रॅक पँट.
बूट: रबर स्टड. स्पाइक चालणार नाहीत.
स्वतःचं: सेंटर पॅड, ग्लोव्हज, पाण्याची बाटली, स्वेटर.
गाडी १: बिटको चौक ६:२५, चार जण
गाडी २: त्रिमूर्ती चौक ६:४०, चार जण
गाडी ३: निमाणी ६:४५, तीन जण (सीएनजी)
गाडी ४: कॉलेज रोड ७:००, दोन जण, किट बॅग आणि पाण्याचा जार
स्टॉपवर पाच मिनिटं थांबू, मग गाडी निघेल.
आज रात्री ८ पर्यंत लिहा: "येतोय, गाडी २". नुसता अंगठा धरला जाणार नाही.
घरी परत साधारण १ पर्यंत.

नाशिक रोडची वेळ इतकी लवकर का, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. बिटकोपासून द्वारका ओलांडून सोमेश्वरच्या पुढे जायला रविवारी पहाटे पाऊण तास पुरतो, पण धुकं असलं तर पुरत नाही. ती वीस मिनिटं धुक्यासाठी ठेवलेली आहेत.

शेवटून दुसरी ओळ नीट बघा. अंगठ्याचा अर्थ "वाचलं" की "येतोय" हे कोणालाच कळत नाही, आणि दोन निळ्या रेघांचा अर्थ तर फक्त मेसेज उघडला एवढाच. "येतोय, गाडी २" लिहायला माणसाला मेसेज खालपर्यंत वाचावाच लागतो, कारण त्याची गाडी तिथे आहे. कोणी चुकीच्या गाडीचा नंबर लिहिला तर त्याने वाचलेलं नाही हे तुम्हाला शनिवारीच कळतं. आमच्या त्या मॅचला एकाने "येतोय, गाडी १" लिहिलं, तो होता सिडकोचा. फोन केला तर कळलं, तो त्या रात्री देवळाली कॅम्पला बहिणीकडे मुक्कामी होता आणि सकाळी बिटकोलाच येणार होता. चूक नव्हती, पण गाडी १ मध्ये पाच जण झाले असते आणि गाडी २ त्रिमूर्ती चौकात त्याची वाट बघत राहिली असती. त्याच्या बदली गाडी १ मधल्या एकाने स्वतःची मोटरसायकल काढली.

रात्री ८ ला ज्यांचं उत्तर नाही त्यांना ग्रुपवर टॅग करत बसू नका. सरळ फोन लावा. तेरापैकी दोघं किंवा तिघं असतात, दहा मिनिटांचं काम आहे. सेकंड शिफ्टवाल्याने दुपारीच उत्तर दिलेलं असतं, त्यामुळे फोन न लागणारा माणूस बहुतेक वेळा खरंच येणार नसतो. त्याच्या जागी राखीव. पण राखीव दोघांनाही शुक्रवारीच सांगून ठेवा की शनिवारी रात्री ९ नंतर तुम्ही मोकळे, तोवर थांबा. मुदत न सांगता ताटकळत ठेवलेला राखीव पुढच्या वेळी पोलमध्येच "येत नाही" म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आता बदलाचं. त्याच मॅचच्या शनिवारी संध्याकाळी सहाला समोरच्या टीमचा फोन आला की दव फार असतं, ९ ला सुरू करू. अशा वेळी "अरे अर्धा तास पुढे" असा तुकडा टाकला की गोंधळ ठरलेला. काहींनी पहिला मेसेज वाचलेला असतो, काहींनी फक्त तुकडा, आणि अर्धा तास मॅच पुढे की गाडी पुढे यावर पुन्हा चाळीस मेसेज पडतात. पाठवलेला मेसेज एडिट करायला पंधरा मिनिटंच मिळतात, आणि एडिट झालेल्याची कोणाला सूचनाही नीट पोहोचत नाही. म्हणून जुना मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला, पूर्ण मेसेज सगळ्या नव्या वेळांसकट पुन्हा टाकला, वर "बदल: सगळ्या वेळा ३० मिनिटं पुढे" अशी एकच ओळ लिहिली आणि तो पिन केला. ज्यांनी आधीच हो म्हटलं होतं त्यांच्याकडून उत्तर पुन्हा मागितलं. हे कोणाला आवडत नाही, तरी मागावं लागतं, कारण नवीन वेळ पोहोचल्याचा दुसरा पुरावा नाही. सेकंड शिफ्टला असलेल्या दोघांचे फोन लॉकरमध्ये होते. त्यांच्या घरी फोन करून निरोप ठेवला, आणि त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगितलं की हे दोघं जुन्या वेळेला उभे असू शकतात, निघण्याआधी फोन कर. एक जण खरंच ६:४० ला त्रिमूर्ती चौकात आला होता. ड्रायव्हरच्या फोनमुळे तो थंडीत उभा न राहता टपरीवर चहा घेत बसला.

अवकाळी पावसाच्या दिवसांत शेवटी आणखी एक ओळ जोडा: "मॅच रद्द झाली तरच पहाटे ५:४५ ला मेसेज येईल. मेसेज नसेल तर मॅच आहे, ठरल्या वेळेला निघा." ५:४५ अशासाठी की बिटकोची पहिली गाडी ६:२५ ला आहे आणि माणूस साधारण पावणेसहाला उठतो. त्याच्या आधी मैदानाजवळच्याने, म्हणजे किट बॅग असलेल्याने, जाऊन मॅटखालची जमीन हाताने दाबून बघायची. अंगठा आत गेला तर रद्द. तो मला फोन करतो, मी एकच मेसेज टाकतो. ही ओळ नसेल तर साडेपाचपासून "पाऊस आहे का तिकडे" सुरू होतं, सिडकोत पडतो तो गंगापूर रोडला पडतच असेल असं नाही, आणि दोघं-तिघं स्वतःच मॅच रद्द समजून पुन्हा झोपून जातात.